उपजत रंग, रापलेला रंग

कातडीच्या रंगाबद्दल बोलताना मराठी माणूस दोन तऱ्हांचे शब्द वापरतो आणि बहुधा ते त्याच्या लक्षातही येत नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा ही झाली विशेषणं. ती माणसाच्या नावासारखी त्याला जन्मभर चिकटतात. दुसरी तऱ्हा क्रियापदांची आहे. माणूस उन्हानं रापतो, काळवंडतो, पावसाळ्यात घरी बसला की थोडा उजळतो. क्रियापदाला काळ असतो. काल रापलेला माणूस चार महिन्यांनी तसा राहीलच असं नाही. 'तो सावळा आहे' आणि 'तो काळवंडलाय' या दोन वाक्यांतला फरक शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो.

त्वचाशास्त्रानं हीच फोड बरीच उशिरा, पण काटेकोरपणे केली. जनुकांनी ठरवलेला, ऊन न लागताही असणारा जो रंग त्याला 'कॉन्स्टिट्यूटिव्ह', म्हणजे घडणीतला रंग म्हणतात. ऊन लागल्यावर त्यावर जी भर पडते ती 'फॅकल्टेटिव्ह', म्हणजे प्रसंगानुसार येणारी. या लेखात मी त्यांना उपजत रंग आणि रापलेला रंग म्हणणार आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली २८ वर्षं त्वचारोगांचा दवाखाना चालवतो. भाषेनं इतकी स्वच्छ केलेली ही फोड व्यवहारात आपण किती सहज विसरतो, हे तिथं रोज दिसतं. विसरण्याचे प्रकार दोन. एकात रापलेल्या रंगालाच माणसाची जात-कुळी मानलं जातं. दुसऱ्यात उपजत रंगाला उन्हाचा किंवा मळाचा थर समजून तो खरवडून काढायचा प्रयत्न होतो. पहिल्यानं अन्याय होतो, दुसऱ्यानं कातडी जाते. म्हणून दोन्ही रंग ओळखायचे कसे, ते बनतात कसे आणि एकाची हद्द कुठं संपून दुसऱ्याची कुठं सुरू होते, ते जरा सावकाशीनं पाहू.

एका एसटी चालकाचं उदाहरण घेतो. २६ वर्षं गाडी चालवलेले हे गृहस्थ हाताला खाज सुटते म्हणून आले होते. खाज किरकोळ होती, पण त्यांचे दोन हात शेजारी शेजारी टेबलावर आले तेव्हा ते दोन वेगळ्या माणसांचे वाटत होते. उजवा हात कोपरापासून खाली चांगलाच काळा, डावा त्याहून उजळ. आपल्याकडे चालक गाडीच्या उजव्या बाजूला बसतो आणि त्याचा उजवा हात वर्षानुवर्षं खिडकीत असतो. काच उघडी असेल तर सगळंच ऊन लागतं. काच लावलेली असली तरी सुटका नाही, कारण साधी काच अतिनील किरणांपैकी 'बी' प्रकारचे किरण जवळजवळ अडवते, पण 'ए' प्रकारचे बरेचसे आत सोडते.

मी त्यांना शर्टाची बाही वर करायला सांगितली आणि दंडाची आतली बाजू पाहिली. काखेच्या खाली, छातीला चिकटून राहणारा हा भाग. तिथला रंग दोन्ही हातांना सारखा होता आणि डाव्या मनगटापेक्षाही उजळ.

"डॉक्टरसाहेब, यातला माझा खरा रंग कुठला म्हणायचा?" त्यांनी हसत विचारलं.

प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याचं मापून देता येईल असं उत्तर आहे. त्वचेवर लाल प्रकाश टाकायचा आणि त्यातला किती परत येतो ते मोजायचं, एवढंच यंत्राचं काम. लालच का, तर रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, लाल फार कमी. त्यामुळे लाल प्रकाशात रक्ताची लाली मापात फारशी मिसळत नाही आणि जे शोषलं जातं ते मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र एक मेलॅनिन निर्देशांक काढतं. प्रकाश कमी परतला की निर्देशांक जास्त.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकांत देतो. दंडाच्या आतल्या बाजूनं ३५ टक्के प्रकाश परतवला, निर्देशांक ४६. डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूनं ३० टक्के, निर्देशांक ५२. उजव्यानं २६ टक्के, निर्देशांक ५८. माणूस एक, जनुकं एक आणि रंग तीन. यातला ४६ हा त्यांचा उपजत रंग. डाव्या हातावर उन्हानं ६ची भर घातली, उजव्यावर १२ची. सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले आणि पुढं वर्षभरानं पुन्हा आले तेव्हा मी हौसेनं परत मापं घेतली. दंड ४६वरच होता. डावा हात ५०वर आला होता, उजवा ५२वर. उजव्या हातावरची निम्मी भर उतरली होती, निम्मी राहिली होती. या राहिलेल्या निम्म्याकडे मी नंतर येतो.

दंडाची आतली बाजू ही जगभरच्या अभ्यासांत रूढ झालेली जागा आहे. तिला ऊन सर्वांत कमी लागतं असं नव्हे. त्या बाबतीत नितंबाची त्वचा अधिक खात्रीची. पण दंड कुणालाही संकोच न वाटता दाखवता येतो. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. शरीराच्या प्रत्येक भागाचा उपजत रंग मुळातच सारखा नसतो. तळहात फिके असतात, कोपरं, गुडघे आणि बोटांचे सांधे गडद असतात आणि त्यात उन्हाचा वाटा असेलच असं नाही. म्हणून तळहाताशी मनगटाची तुलना करून काही कळत नाही. तुलना करायची ती एकाच अवयवाच्या झाकलेल्या आणि उघड्या भागांची. घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा आणि तिच्या शेजारची जागा, ब्लाउजच्या बाहीच्या वर आणि खाली.

आता कातडीच्या आत जाऊ. वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांना रंगपेशी म्हणू. अशी एक पेशी आपल्या फांद्या पसरून आजूबाजूच्या सुमारे ३६ साध्या पेशींना रंग पुरवते. रंग सुटा जात नाही, बारीक पुड्यांत बांधून जातो. या पुड्यांचं नाव मेलॅनोसोम. साध्या पेशी त्या पुड्या आत घेतात, आपल्या केंद्रकाच्या वर टोपीसारख्या रचतात आणि हळूहळू वर सरकत महिना-दीड महिन्यात मृत होऊन गळून जातात. त्यांच्याबरोबर रंगही जातो. म्हणजे आपला रंग हा एकदा दिलेला मुलामा नाही. तळातून सतत होणारा पुरवठा आणि वरून सतत होणारी गळती यांचा तो हिशेब आहे.

गोऱ्या आणि काळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या वेगवेगळी असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. शरीराच्या त्याच भागावर, तितक्याच जागेत सगळ्या मानववंशांत ती साधारण सारखीच आढळते. फरक पुड्यांत असतो. अतिगोऱ्या त्वचेत पुड्या लहान असतात, झुबक्यानं एकत्र बांधलेल्या असतात आणि वर जाताना लवकर विरघळतात. काळ्या त्वचेत त्या मोठ्या, भरलेल्या आणि सुट्या असतात आणि अगदी वरच्या थरापर्यंत टिकतात. आपण भारतीय बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये कुठं तरी आहोत. उपजत रंग म्हणजे या पुड्यांचा ठरलेला आकार, त्यातल्या मेलॅनिनचा प्रकार आणि त्या टिकण्याचा काळ. ही घडण जनुकांची आहे आणि कधीही ऊन न पाहिलेल्या कातडीतही ती चालूच असते.

रापणं ही याच कारखान्यावर उन्हानं आणलेली तातडीची मागणी आहे आणि ती दोन वेगळ्या टप्प्यांत पुरी होते. पहिला टप्पा काही मिनिटांचा. दुपारी मैदानावर क्रिकेट खेळून मुलगा घरी येतो आणि आई म्हणते, "एका दिवसात काय काळवंडलास रे!" तिचं निरीक्षण खरं आहे, पण त्या दुपारी नवं मेलॅनिन जवळजवळ बनलेलंच नसतं. 'ए' किरणांनी आणि दृश्य प्रकाशानं आधीच असलेल्या मेलॅनिनचं रासायनिक रूप बदलतं आणि पुड्यांची जागा हलते, म्हणून राखी छटेचा काळपटपणा येतो. सावळ्या त्वचेत मूळचा माल जास्त असल्यानं हा परिणाम ठळक दिसतो. तो काही तासांत उतरतो, जास्त ऊन लागलं असेल तर काही दिवस रेंगाळतो.

दुसरा टप्पा खरं रापणं. ते तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतं, पुढचे दोन-तीन आठवडे वाढतं आणि ऊन थांबलं तर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच्या काळात ओसरतं. इथं रंगपेशी नवं मेलॅनिन बनवतात, जास्त पुड्या भरतात, जास्त वाटतात. मुख्य कारण 'बी' किरण.

पण ऊन लागलं आहे हे रंगपेशीला कळतं कसं? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं वाटतं. कातडीला ऊन कळतं ते झालेल्या नुकसानीवरून. 'बी' किरण साध्या पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएचे शेजारशेजारचे दुवे चुकीचे जोडतात. पेशीत पी५३ नावाचं एक प्रथिन असतं, जे अशा बिघाडावर नजर ठेवतं आणि कर्करोग रोखण्यासाठी प्रसिद्ध आहे. २००७ साली बोस्टनमधल्या डेव्हिड फिशर यांच्या गटानं दाखवून दिलं की हेच पी५३ साध्या पेशीकडून एका संप्रेरकाचा संदेश तयार करवून घेतं. तो संदेश शेजारच्या रंगपेशीच्या दारावर थाप मारतो आणि आतला कारखाना वेग घेतो. त्याच्या बऱ्याच आधी, १९९४ साली, बोस्टनमध्येच बार्बरा गिलख्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या कातडीला उन्हात न नेता नुसते डीएनएचे बारीक तुकडे लावले होते. कातडी रापली. ऊन नव्हतं, पण डीएनए तुटल्याची खूण होती आणि तेवढी पुरली.

याचा अर्थ असा की रापणं ही इजेनंतरची व्यवस्था आहे. पुरात घर भिजल्यावर दाराशी वाळूच्या पोती रचाव्यात, तसं. उपजत रंग म्हणजे आधीच उंच बांधलेलं जोतं.

हा फरक आकड्यांतही दिसतो. १९७९ साली अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या वरच्या कातडीतून किती किरण आरपार जातात ते मोजलं गेलं. गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरातून 'बी' किरणांपैकी सरासरी २४ टक्के आत पोचले, काळ्या त्वचेतून ७.४ टक्के. संरक्षणाच्या पटीत सांगायचं तर काळ्या त्वचेला सुमारे १३, गोऱ्या त्वचेला साधारण ३.४. गोरा माणूस चांगला रापला, तरी त्याला त्या रापण्यातून मिळणारं जादा संरक्षण तीन-चार पटींच्या आसपासच राहतं. नुसत्या 'ए' किरणांनी आणलेला रंग तर संरक्षणाच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी, कारण त्यात आहे तोच माल हलवलेला असतो. युरोप-अमेरिकेत दिव्याखाली झोपून रापवणाऱ्या केंद्रांत लोकांना हाच रंग आरोग्याचा म्हणून विकला गेला. डोळ्यांना दोन तपकिरी छटा सारख्या दिसल्या तरी किरणांना त्या सारख्या नसतात.

आता चालकाच्या उजव्या हातावरच्या न उतरलेल्या निम्म्याकडे येऊ. एका उन्हाळ्यात रापलेली कातडी मूळ रंगाला परतते, पण २६ उन्हाळ्यांनंतर ती पूर्ण परतत नाही. सतत ऊन खाणाऱ्या भागात रंगपेशींची संख्याच वाढते. झाकलेल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट पेशी तिथं आढळतात. शिवाय खालच्या थरात झालेली झीज, जाडसरपणा, काळे ठिपके हे वेगळंच. म्हणजे रापलेला रंग उतरतोच, हे वाक्य एका ऋतूपुरतं खरं आहे, आयुष्यापुरतं नाही. शेतात, रस्त्याच्या कामावर, होडीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून आणि हातावरून त्याचा उपजत रंग सांगता येत नाही. तो पाहायचा तर बंडीखालची पाठ पाहावी लागेल.

आणि इथंच पहिली विसर आडवी येते. 'त्यांच्या पिढ्यानुपिढ्या उन्हात राबल्या, म्हणून ते काळे' हे विधान मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. यात रापलेला रंग मुलांना वारशानं जातो असं गृहीत धरलेलं आहे. तो जात नाही. रापताना जे घडतं ते कातडीच्या पेशींत घडतं. मुलाला जे मिळतं ते बीजपेशींतून मिळतं आणि बीजपेशींना बापाच्या दंडावर पडलेल्या उन्हाची खबर नसते. उन्हाचा उपजत रंगाशी संबंध आहे, पण तो हजारो वर्षांच्या निवडीचा. प्रखर उन्हाच्या प्रदेशात गडद त्वचेची माणसं जास्त टिकली, मंद उन्हाच्या प्रदेशात ड जीवनसत्त्वाच्या गरजेपायी फिकी त्वचा पसरली, असा बहुतेक अभ्यासकांचा कौल आहे. एका घराण्याच्या पाच पिढ्यांनी नांगर धरला किंवा पोथी धरली, यानं त्यात काहीही हलत नाही.

नवजात बाळ हा याचा रोजचा पुरावा. बाळ जन्मतः फिकं, गुलाबी असतं. त्याच्या रंगपेशी जागेवर असतात, पण कारखाना पूर्ण चालायला पुढचे काही महिने लागतात. सहाव्या महिन्यात बाळ 'सावळं झालं' म्हणून आईला बोल लावतात, तेव्हा बाळ फक्त आपल्या उपजत रंगापर्यंत पोचलेलं असतं. अनुभवी सुईणी आणि आज्या जन्मलेल्या बाळाच्या कानाच्या कडा आणि नखांच्या मुळाशी असलेली कातडी पाहून पुढचा रंग सांगायच्या. त्या भागांत रंग लवकर दिसतो, म्हणून या अंदाजात तथ्य असतं. गरोदरपणातल्या केशर-दुधाला मात्र यात काहीच जागा नाही. ते चवीसाठी खुशाल प्यावं.

मग भारतातला उपजत रंग कुणी ठरवला? कुणा एकानं नव्हे. रंगावर अनेक जनुकांचा हात असतो, पण त्यातलं एक आपल्याकडे ठळक आहे. त्याचं नाव एसएलसी२४ए५. २००५ साली अमेरिकेत सोनेरी पट्ट्यांच्या झेब्रा माशाचा अभ्यास करताना ते हाती लागलं आणि माणसातही तेच जनुक रंगावर काम करतं असं दिसलं. त्यातल्या एका अक्षराच्या बदलानं रंगाच्या पुड्या कमी भरतात. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या आणि एस्टोनियातल्या शास्त्रज्ञांनी मिळून दक्षिण भारतातल्या १२२८ जणांचा रंग मापून त्यांचं हे जनुक तपासलं. त्या गटात माणसामाणसांतल्या रंगाच्या फरकापैकी सुमारे २७ टक्के फरक या एका अक्षरानं उलगडला. हा आकडा नीट वाचायला हवा. तुमच्या रंगातला २७ टक्के भाग या जनुकानं आणला, असा त्याचा अर्थ नाही. त्या गटातल्या लोकांमध्ये जो चढउतार होता, त्यातला एवढा हिस्सा या बदलाच्या असण्या-नसण्याशी जुळला, इतकंच.

त्याच अभ्यासात देशभरातल्या ५४ समाजांत हा बदल किती आढळतो ते पाहिलं गेलं. तो सर्वदूर सापडला, पण प्रमाण समाजागणिक खूप वेगळं. त्या वेगळेपणात भाषा, भूगोल आणि लोकांच्या स्थलांतरांचा इतिहास उमटलेला दिसला. भारतीय आणि युरोपीय लोकांतला हा बदल एकाच जुन्या उगमातून, अदमासे २२ ते २८ हजार वर्षांपूर्वीच्या, आला असावा असंही त्यांना आढळलं. म्हणजे लग्नाच्या जाहिरातीत ज्याला 'गोरा वर्ण' म्हणून घराण्याच्या पुण्याईशी जोडलं जातं, तो बऱ्याच अंशी जातींच्या कितीतरी आधीच्या माणसांच्या भटकंतीचा हिशेब आहे. असा अभ्यास शक्य झाला त्याचं कारण रंग झाकलेल्या कातडीवर मोजायची शिस्त. शेतमजुराचं मनगट आणि कारकुनाचं मनगट ताडून पाहिलं असतं तर हाती आलं असतं ते उन्हाचं हजेरीपुस्तक.

एक गोष्ट मात्र दोन्ही रंगांना जोडते. रापलेला रंग वारशानं जात नसला तरी रापण्याची क्षमता वारशानंच मिळते. उत्तर युरोपातल्या लाल केसांच्या कित्येक माणसांत, मघाशी सांगितलेला संदेश ज्या दारावर थाप मारतो ते दारच नीट उघडत नाही. ती माणसं उन्हात भाजतात, सोलतात, पण रापत नाहीत. निना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅपलिन यांचं म्हणणं असं की ज्या मधल्या अक्षांशांवर ऊन ऋतूप्रमाणे फार कमीजास्त होतं, तिथं ही क्षमता विशेष उपयोगी ठरून वाढली.

आता दुसऱ्या विसरीकडे. दवाखान्यात दर लग्नसराईत मुली येतात, हल्ली मुलगेही येतात, आणि म्हणतात, "टॅन काढून द्या." मी आधी दंड पाहतो. चेहरा दंडापेक्षा गडद असेल तर त्या फरकाएवढं काम करता येतं. ऊन टाळणं, छत्री, पूर्ण बाह्या आणि दोन-तीन महिन्यांचा धीर. त्वचा जुन्या पेशी टाकून देईल आणि रंग आपोआप उतरेल. दिवाळीच्या उटण्यानं जो उजळपणा वाटतो तोही खोटा नसतो. सर्वांत वरच्या मृत पेशी आणि त्यांतला शिळा रंग त्यानं निघतो. पण कारखाना तळाशी आहे आणि उटणं तिथवर पोचत नाही.

कधी गडदपणा उन्हाचाही नसतो आणि उपजतही नसतो. मानेच्या मागं, काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा आला असेल आणि घासून घासून आई थकली असेल, तर तो मळ नव्हे, रापणंही नव्हे. ऊन न लागणाऱ्या घडीतच तो असतो हीच खूण. वाढलेलं वजन आणि मधुमेहाकडे झुकणारं शरीर असं बोलतं. तिथं साबण नव्हे, रक्तातली साखर तपासायची. तळहाताच्या रेषा, हिरड्या आणि जुने व्रण नव्यानं काळे पडू लागले आणि सोबत अशक्तपणा, घटतं वजन असेल, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आजार शोधावा लागतो. गालावर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले वांग ऊन आणि संप्रेरकं मिळून आणतात. त्यांना दृश्य प्रकाशही वाढवतो, म्हणून पारदर्शक सनस्क्रीन पुरत नाही, रंगाची छटा असलेलं लागतं. झाकलेली जागा गडद झाली की उन्हाला निर्दोष सोडून आत शोधायचं, असा माझा साधा नियम आहे.

खरी अडचण येते ती चेहरा आणि दंड यांचा रंग सारखाच असतो तेव्हा. तिथं उतरवायला काही नसतंच. पण बाजार त्या मुलीला सांगतो की खाली अजून एक गोरी कातडी आहे. तिथून पुढं जे घडतं ते मी फार वेळा पाहिलं आहे. दुकानदार चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचं मलम देतो. पंधरा दिवस चेहरा उजळतो, कारण स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आवळतात आणि रंगपेशी दबतात. मग कातडी पातळ होते, लाल जाळी दिसू लागते, पुरळ आणि लव येते. मलम थांबवलं की आग होते आणि रंग उसळून आधीपेक्षा गडद परततो, म्हणून थांबवताही येत नाही. काही क्रीमांत पारा सापडतो. तो मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला रोखतो खरा, पण कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडालाही गाठतो. उपजत रंगाच्या खाली जाण्यासाठी कारखाना मोडावा लागतो आणि तो नेमका हवा तेवढाच मोडणारं औषध माझ्या कपाटात नाही.

म्हणून अशा मुलीला मी आरशाऐवजी तिचाच दंड दाखवतो. "ही तुझी हद्द. इथपर्यंत येता येतं आणि तू आलेली आहेस," एवढंच सांगतो. काही जणी नाराज होऊन जातात. काही जणी सोबत आलेल्या आईकडे पाहतात आणि आई आपली बाही वर करून स्वतःचा दंड लेकीच्या दंडाशेजारी धरते. बहुतेक वेळा रंग जवळपास एकच असतो. मग चिठ्ठीवर मी फक्त छत्री लिहितो.